पडदा उघडणार कोण?

एप्रिलमधली दुपार, मावळातलं एक जरबेराच्या फुलांचं पॉलिहाऊस आणि दाराशेजारी खांबावर बसवलेला कंट्रोलरचा डबा. त्या डब्याच्या मॅन्युअलचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला होता आणि डीलरला गळ घालून मी तो प्रत्यक्ष बघायला गेले होते. हिरवट स्क्रीनवर एकेक ओळ सरकत होती. तापमान, आर्द्रता, आणि मग `VENT 60%`. म्हणजे हवा यायच्या वाटा साठ टक्के उघड्या. मी सहज मान वळवून पाहिलं, तर बाजूचा पडदा थेट जमिनीपर्यंत सोडलेला. खालच्या पाइपावर माती बसली होती, बाहेरच्या वाऱ्याने प्लास्टिक फडफडत होतं आणि आत माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. स्क्रीन मात्र निवांतपणे साठ टक्के सांगत होती.

शेतकरी दादांना विचारलं, तर ते हसले. "अहो मॅडम, ती तार कुठं जोडलीये? मोटर बसवलीच नाय आपण. पडदा हँडलनं गुंडाळायचा." डब्यात व्हेंटच्या मोटरसाठी जागा होती, तिथून निघायची तार मात्र नव्हती. आणि मोटर असती तरी पडदा खरोखर किती उघडला हे डब्याला दिसत नाहीच. पूर्ण उघडायला पाच मिनिटं लागतात हे एकदा त्याला सांगून ठेवायचं. मग तीन मिनिटं मोटर चालवली की तो साठ टक्के मांडतो. इथे मोटर नसताना त्याने तीन मिनिटांचा हुकूम सोडला होता, तो कोणीच ऐकला नव्हता, आणि त्याने आपलं काम झालं असं समजून घेतलं होतं.

घरी येऊन मॅन्युअलचं तेच पान उघडलं. इंग्रजीत वाक्य सरळ होतं, तापमान ठरलेल्या अंकाच्या वर गेलं की आधी व्हेंट उघडले जातात आणि मग फॉगिंग, म्हणजे धुक्यासारखा पाण्याचा फवारा, सुरू होतं. मराठीतही ते सहज उतरत होतं, 'उघडले जातात', 'सुरू केले जाते'. व्याकरणाला काही धक्का लागत नव्हता. पण त्या वाक्यात माणूस नव्हता, आणि मी पाहिलेल्या पॉलिहाऊसमध्ये मोटर नव्हती. दोघांपैकी कोणी तरी पडदा उघडायला हवा होता की नाही?

मूळ मॅन्युअल ज्या देशात लिहिलं गेलं, तिथल्या हरितगृहात हे वाक्य खरं असणार. तिथे छताच्या खिडक्या, पडदे, फॉगर, पंखे सगळं एकाच डब्याच्या ताब्यात असतं. आपल्याकडचं नेहमीचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस, कागदोपत्री १००८ चौरस मीटरचं, वेगळ्या घडणीचं आहे. वरची व्हेंट कायमची उघडी, तिला फक्त बारीक जाळी. बाजूचे पडदे हाताने गुंडाळायचे, शेडनेट दोरीने किंवा हँडलने ओढायची. त्यात कंट्रोलर बसवला, की त्याच्या हाती खरं तर एकच गोष्ट येते, फॉगरची मोटर. म्हणजे निम्मं घर यंत्र चालवतं आणि निम्मं माणूस, आणि एकाने काय केलं ते दुसऱ्याला कळत नाही.

दादांनी पडदे सोडले होते, त्यामागे त्यांचं एक सरळ गणित होतं. "फॉगर लावलाय ना, मग गारवा बाहेर कशाला घालवायचा?"

मी नागपूरची. हा वाद मी लहानपणी दर उन्हाळ्यात ऐकलेला आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे मे महिन्यात आले, की कूलर सुरू होताच उठून खिडक्या लावून घ्यायचे, कारण त्यांना एसीची सवय. अर्ध्या तासात खोली चिकट व्हायची, अंगाला अंग लागू नये असं वाटायचं, आणि मग आई आतून ओरडायची, "अरे खिडकी उघडा, कूलर लागलाय!" वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते, कारण पाणी वाफ होताना तिच्यातली उष्णता घेऊन जातं. पण ती वाफ खोलीतच कोंडली, की पुढच्या पाण्याला वाफ व्हायला जागाच उरत नाही. मग कूलर नुसता ओलावा फेकतो. हे आम्हाला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं, घामाने शिकवलं होतं.

फॉगर म्हणजे तेच. फक्त पाणी वाळ्यावरून ओघळण्याऐवजी हवेत उडतं. पडदे बंद ठेवले, की पहिल्या काही मिनिटांत तापमान छान उतरतं आणि दादांसारख्या माणसाचा विश्वास पक्का होतो. पुढे आर्द्रता ऐंशी-नव्वदला जाऊन बसते, ऊन प्लास्टिकमधून आत येतच असतं आणि पारा पुन्हा चढू लागतो. कंट्रोलर बघतो की तापमान जास्त आहे, तो आणखी फॉगर मारतो. हे फॉगर कमी पाण्याचे आहेत असं वाटून शेतकरी डीलरला फोन करतो. वरची व्हेंट उघडी असते हे खरं, पण खालून हवा आत येणार नसेल तर वरून बाहेर जाणार तरी काय? म्हणून अनुवादात मी त्या वाक्याला माणूस दिला. 'फॉगर सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचे पडदे हाताने उघडा. तुमच्या कंट्रोलरला व्हेंटची मोटर जोडलेली नसेल, तर स्क्रीनवरच्या `VENT` या ओळीकडे लक्ष देऊ नका.' कंपनीच्या माणसाला दुसरं वाक्य आवडलं नाही. आपल्याच यंत्राच्या स्क्रीनकडे दुर्लक्ष करा, असं मॅन्युअलमध्ये कसं लिहायचं? त्याचं म्हणणं मला कळत होतं, तरी ओळ ठेवायला लावली.

खरी गंमत पुढच्या पानावर होती, फॉगर किती वेळ चालू आणि किती वेळ बंद ठेवायचा त्या तक्त्यात. उदाहरण म्हणून दिलं होतं, `FOG ON` ६० सेकंद, `FOG OFF` १० मिनिटं. अनुवादकाने आकड्यांना हात लावायचा नसतो, हे या धंद्यातलं पहिलं व्रत. पण दादांकडे गेले तेव्हा त्यांनी तेच आकडे भरलेले होते, आणि जरबेराच्या बेडवर पानांच्या खोबणीत पाणी साठलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथे काम करणाऱ्या मावशींनी एक पान उलटं करून दाखवलं. खालची लव ओली होती. "हे वाळतच नाय दिवसभर. मग मधल्या कोंबाला कुज लागते," त्या म्हणाल्या. जरबेराला पाणी मुळाशी हवं असतं, गड्ड्यात साचलेलं मुळीच चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आकडे कोणी भरले हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी हिशोब मांडायला बसले. त्या पॉलिहाऊसमध्ये चारतोंडी फॉगर साधारण एकशे दहा. चार बार दाब मिळाला, तर असा एक फॉगर तासाला अठ्ठावीस लिटरच्या आसपास पाणी फेकतो. म्हणजे सगळे मिळून मिनिटाला सुमारे ५१ लिटर. आता दुसरी बाजू. आतली हवा म्हणजे जमिनीचं क्षेत्र गुणिले सरासरी पाच मीटर उंची, ढोबळमानाने पाच हजार घनमीटर. तेवढी हवा एकदा पाच अंशांनी गार करायला किती पाणी वाफ व्हावं लागतं? आकडा बघून मी पुन्हा मांडणी तपासली. फक्त ११ लिटर. एका मिनिटाच्या फवाऱ्यात आपण ५१ लिटर सोडतो आणि त्या क्षणी हवेला हवं असतं त्याच्या पाव भागाहून कमी. बाकीचं पाणी जाणार कुठे? पानांवर, फुलांवर, बेडमधल्या वाटेवर.

अर्थात हवा एका जागी थांबत नाही. पडदे उघडे असले, की गार झालेली हवा वरून निघून जाते, बाहेरची गरम हवा खालून येते आणि तिला पुन्हा गार करावं लागतं. म्हणून पाणी थोडं थोडं, पण वारंवार द्यायचं. २० सेकंद चालू आणि तीन मिनिटं बंद ठेवलं, तर एका वेळी १७ लिटर जातं आणि तासाला अठरा वेळा, म्हणजे सुमारे तीनशे लिटर. ६० सेकंद आणि १० मिनिटांच्या जुन्या मांडणीतही तासाला पावणेतीनशेच्या वर जातच होतं. पाणी जवळजवळ तितकंच. एकात पान वाळायला वेळ मिळतो, दुसऱ्यात पान आंघोळ करतं.

मग मूळ लेखकाने ६० सेकंद का लिहिले असतील? तो काही अडाणी नव्हता. उत्तर मॅन्युअलच्याच मागच्या परिशिष्टात होतं, जे मी शेवटी करायचं म्हणून ठेवून दिलं होतं. ते उदाहरण सत्तर बार दाबाच्या फॉगिंगसाठी होतं. तिथे थेंब दहा-वीस मायक्रॉनचे होतात, हवेत तरंगतात आणि खाली पोचायच्या आधीच नाहीसे होतात. आपल्या चार बारच्या प्लास्टिकच्या फॉगरचा थेंब त्याच्या चौपट-पाचपट मोठा. तो तीन मीटर उंचीवरून दहा-पंधरा सेकंदांत पानावर उतरतो, वाफ व्हायला त्याला तेवढाच अवधी. डोळ्यांना दोन्हीकडे धुकंच दिसतं. आणि पाइपातला दाब चारचा दोन झाला, की ते धुकंही राहत नाही, सरळ पाऊस होतो. त्यामुळे दाब मोटरपाशी बघून भागत नाही. लाइनच्या शेवटच्या टोकाला गेज लावून तिथला आकडा बघावा लागतो. दादांच्याकडे तिथे गेज नव्हतं. बहुतेकांकडे नसतं.

वीस सेकंदांचा फवारा म्हटलं की लगेच दुसरी अडचण उभी राहते. मोटर सुरू झाल्यावर पाइप भरून दाब यायलाच काही सेकंद लागतात, तोवर फॉगर थेंब थेंब गळतो. मोटर बंद झाली की उरलेलं पाणी पुन्हा गळतं. हे टाळायला प्रत्येक फॉगरच्या वर एक छोटा वॉल्व्ह असतो. ठरावीक दाब आल्याशिवाय तो उघडत नाही, आणि दाब उतरला की चटकन मिटून पाइप भरलेला ठेवतो. शेतकरी त्याला सरळ 'अँटिलीक' म्हणतात, मीही तेच लिहिलं. तो खराब झालाय हे ओळखायला काही यंत्र लागत नाही. फॉगर बंद झाल्यावर मिनिटभर बेडमधून चालायचं. जिथे मानेवर थेंब पडेल तिथे मान वर करायची. मावशींनी मला असे फॉगर एकामागोमाग एक दाखवले, त्यांच्या खालची रोपं त्यांना पाठ होती. बोअरच्या क्षाराने बुजलेली तोंडं मात्र पिन घालून मोकळी करायची सवय सगळीकडे आहे. ती मोडावी म्हणून मी तो इशारा ठळक करायला सांगितला. पिनेने भोक मोठं आणि वाकडं झालं, की तो फॉगर पुन्हा कधी धुकं करत नाही. तोंड सोडवून सौम्य आम्लाच्या पाण्यात भिजत घालायचं, धुवायचं आणि मग बसवायचं.

दुपार टळता टळता दादांनी मला एक किस्सा सांगितला, आणि तो ऐकून मी मॅन्युअलमधलं एक पान पुन्हा लिहिलं. आदल्या वर्षी भर उन्हाळ्यात त्यांचा फॉगर एकाएकी गप्प झाला होता. मोटर चांगली, पाणी भरपूर, तरी चालेना. आत फुलांच्या माना पडू लागलेल्या. स्क्रीनवर आर्द्रता १००. मेकॅनिकने मोटर खोलली, फिल्टर खोलला, स्टार्टर बघितला. दोष निघाला कशात, तर वातीत.

कंट्रोलरला तापमान-आर्द्रता सांगणाऱ्या डब्यात सेन्सर दोन असतात. एक कोरा, आणि दुसऱ्यावर सुती वात चढवलेली. वातीचं दुसरं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत. वातीतलं पाणी उडतं, म्हणून ओला सेन्सर कोऱ्यापेक्षा गार राहतो. दोघांत जितका फरक, तितकी हवा कोरडी. कोऱ्यावर ३६ आणि ओल्यावर २४ असेल, तर आर्द्रता साधारण ३७ टक्के. आता बाटलीतलं पाणी संपलं. वात वाळली. दोन्ही सेन्सर ३६ दाखवायला लागले. फरक शून्य, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी हवा पाण्याने गच्च भरलेली. `RH MAX` ला, म्हणजे आर्द्रतेच्या वरच्या मर्यादेला, ८० भरलेलं होतं, त्याच्या वर फॉगर चालवायचा नाही असा हुकूम. त्याने तो इमानाने पाळला. जितकं ऊन जास्त तितकं बाटलीतलं पाणी लवकर आटतं, आणि नेमक्या त्याच दिवशी फॉगर बंद पडतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बाटलीत भरलं तर असाच घोटाळा हळूहळू होतो. वातीवर क्षार चढतो, ती कडक होते, पाणी नीट ओढत नाही आणि आर्द्रता रोज थोडी थोडी जास्त दिसू लागते. एकदम बिघाड झाला तर निदान कळतो तरी.

इंग्रजीत यावर एकच वाक्य होतं, वात वेळोवेळी तपासा. वेळोवेळी म्हणजे कधी? मी दादांना विचारलं, तुम्ही आता कसं ओळखता? ते म्हणाले, "जुलैत शंभर दिसलं तर दिसू दे, पाऊसच आहे. एप्रिलात दुपारी शंभर दिसलं, की मी मोटरकडं जातच नाय. आधी वात." यापेक्षा नेमकी सूचना मला सुचली नसती. थोडी पुस्तकी करून ती मी तशीच घातली, आणि खाली जोडलं की बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरा, बॅटरीला घालतो तेच. शिवाय सेन्सरचा डबा फॉगरच्या थेट माऱ्यात टांगू नका आणि उन्हात तर नकोच. उन्हात तापलेला सेन्सर घर आहे त्याहून गरम सांगतो आणि नको तेव्हा पाणी मारायला लावतो.

विजेचा प्रश्न मॅन्युअलमध्ये नव्हताच. कसा असेल? कंट्रोलर सिंगल फेजवर चालतो, फॉगरची मोटर थ्री फेजवर. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. ती गेली तरी डबा जिवंत असतो, तापमान वाढलं की आतून टक् असा रिलेचा आवाज येतो, स्क्रीनवर `FOG ON` उमटतं आणि वरून एक थेंब पडत नाही. स्क्रीन सांगते ते फक्त इतकंच, की मी सांगितलं. पाणी आलं की नाही हे तिला माहीत नसतं. `VENT 60%` सारखंच. सावलीत बसून मोबाइलवर रीडिंग बघणाऱ्या मुलाला सगळं आलबेल दिसतं आणि आत मावशी जनरेटर सुरू करा म्हणून हाका मारत असतात. हे लिहायला मॅन्युअलमध्ये जागाच सापडेना. शेवटी 'बिघाड आणि उपाय' या तक्त्यात पहिल्याच रकान्यात बसवलं.

संध्याकाळच्या वेळेवरून मात्र आमची चांगली बाचाबाची झाली. फॉगिंग थांबवण्याची वेळ मूळ उदाहरणात सायंकाळी ६ होती. दादा चारला बंद करतात. मावशींचं म्हणणं, चारसुद्धा रोज नाही, ढग आले तर तीन. कारण साधं आहे. ऊन उतरलं की पाणी वाफ होणं मंदावतं, रात्री हवा गार झाली की आर्द्रता आपोआप चढते, आणि ओल्या पाकळ्या रात्रभर तशाच राहिल्या, की सकाळी त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे डाग. तो बोट्रायटीस, बुरशीचा रोग. असं फूल प्लास्टिकच्या टोपीत घालून जुडीत बांधलं, तर पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला पोचेपर्यंत डाग पसरतो आणि अख्खी जुडी परत येते. मावशी दिवसाच्या शेवटच्या फवाऱ्यानंतर पाकळीला बोट लावून बघतात. बोट कोरडं आलं तर ठीक, नाही तर उद्यापासून अर्धा तास अलीकडे. कंट्रोलरला ढग दिसत नाहीत, त्याच्याकडे फक्त घड्याळ आहे. या मॉडेलला सूर्यप्रकाशाचा सेन्सर जोडता येतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि मी पाहिलेल्या एकाही ठिकाणी तो नव्हता.

कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलताना मी म्हटलं, वेळेचा आकडा काढून टाकू आणि पाकळीला बोट लावायची पद्धत लिहू. तो म्हणाला, मॅडम, आकडा नसेल तर मेनूतला तो रकाना रिकामा राहतो आणि यंत्र पुढे सरकत नाही. खरंच होतं. मग ठरलं ते असं, उदाहरणात ६ च्या जागी ४ घालायचे आणि खाली बोटाची ओळ. फवाऱ्याच्या तक्त्यातही कमी दाबासाठी २० सेकंदांची वेगळी ओळ आली, मात्र 'आपल्या फॉगरप्रमाणे बदल करावा' अशी पुस्ती जोडून, कारण कोणाकडे एकशे दहा फॉगर असतील तर कोणाकडे ऐंशी. पडदा उघडणाऱ्या हाताचं चित्र मी मागितलं होतं. चित्राला वेगळे पैसे पडतात म्हणून ते नामंजूर झालं. बोटाची ओळ राहिली. ती कोणाची, हे छापायची पद्धत नाही. फाइल पाठवताना ईमेलमध्ये मी लिहिलं होतं, की ती तिथे राबणाऱ्या बाईंकडून आली आहे. उलट आलेल्या उत्तरात फक्त जीएसटी नंबर मागितला होता.